सुताच्या बिलाला दीड महिन्याची सवड मागणारं सूत एजंटला पत्र, सोबत मिलसाठी इंग्रजी

इचलकरंजी, जवाहरनगर
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

अण्णा, नमस्कार.

गुरुवारी तुमचे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही, त्याबद्दल आधी माफ करा. फोन वाजताना समोरच होता, पण हातात तारीख नव्हती, आणि तारखेशिवाय नुसतं देते देते म्हणायचं माझ्या जिवावर येतं. आता तारखा ठरवल्यात म्हणून बसून लिहिते. हे मराठी तुमच्यासाठी, तुमच्या फाईलला ठेवा, आणि कोइमतूरला मिलमालकांना सांगायचं इंग्रजी रूपालीने खाली करून दिलंय.

हिशोब आधी सांगते म्हणजे घोळ नको. ६ डिसेंबरचं बिल चाळीसच्या सुताची २० बाचकी, म्हणजे १००० किलो, भाव २६२, पाच टक्के जीएसटी धरून २,७५,१००. २० डिसेंबरचं १६ बाचकी, ८०० किलो, भाव २६४, जीएसटी धरून २,२१,७६०. दोन्ही मिळून ४,९६,८६०, त्यातले १८ जानेवारीला ७५,००० एनईएफटीने गेलेत, म्हणजे राहिले ४,२१,८६०. तुमच्या दिवाणजींच्या वहीत वेगळा आकडा निघाला तर मला लगेच सांगा, मी बिलं घेऊन येते. आपली ४५ दिवसांची बोली, त्या हिशोबाने पहिल्या बिलाची मुदत २० जानेवारीला संपली आणि दुसऱ्याची ३ फेब्रुवारीला. दोन्ही मुदती माझ्याकडून गेल्यात, हे मान्य आहे.

आता का गेल्या ते. बालोतऱ्याच्या व्यापाऱ्याला १४,००० मीटर ग्रे कापड पाठवलं होतं २ डिसेंबरला, ३८ रुपयांनी, जीएसटी धरून ५,५८,६०० चं बिल, साठ दिवसांत पैसे असं ठरलेलं. एक लाख आले आणि मग व्हॉट्सअॅपवर फोटो आले. कापड रंगवून झाल्यावर त्यात आडव्या पट्ट्या दिसत होत्या, बोटभर रुंदीच्या, एक फिकी एक गडद, अगदी आखल्यासारख्या. ग्रे असताना उजेडासमोर धरून बघितलं होतं तेव्हा काही दिसलं नव्हतं हो, रंग लागला आणि सगळं उघडं पडलं. मी तुमच्या सुतावर ढकलणार होते खरं सांगते, पण नंतर कांडीवाल्या पोराला विचारलं तर त्याने जुन्या लॉटचे उरलेले कोन नव्या लॉटच्या कोनांत मिसळून कांड्या भरल्या होत्या, बाण्याला दोन लॉट गेले. तेव्हा चूक आमच्या शेडमधली आहे, सूत चांगलं होतं, मिलला हे नक्की सांगा. व्यापारी आधी सगळा मालच परत न्या म्हणत होता, आठ टक्के बिल कापून घ्यायचं ठरलं तेव्हा गप्प बसला. आता त्याच्याकडून साधारण ४ लाख १४ हजार यायचेत, निम्मे २० फेब्रुवारीपर्यंत आणि निम्मे १५ मार्चपर्यंत देतो म्हणालाय, आणि या वेळी फोनवर नाही, लिहून दिलंय.

म्हणून मी असं मागते:

सोमवार १० फेब्रुवारीला ६१,८६०. हे भिशीचे आहेत, या महिन्याचा नंबर मी बायकांना सांगून मागून घेतला, त्यामुळे व्यापाऱ्याची वाट बघायची गरज नाही.
२४ फेब्रुवारीला १,००,०००.
१० मार्चला १,३०,०००.
२४ मार्चला १,३०,०००.

चारही सोमवार आहेत, मुद्दाम घेतलेत, बँकेची सुट्टी आडवी यायला नको. २४ मार्चला खातं शून्य, आणि पाडवा ३० मार्चला, म्हणजे पाडव्याला तुमच्या दारात मान वर करून येता येईल. शेवटच्या तीन हप्त्यांचे तीन पुढच्या तारखेचे चेक मी सोमवारी तुमच्याकडे आणून देते, तारीख झाली की खुशाल बँकेत टाका, मला विचारत बसू नका.

३१ मार्चच्या आत फेडायची घाई मलाही आहेच. मिल लघुउद्योगात नोंदलेली आहे, आणि आमच्या सीएने सांगितलंय की अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्ष उलटलं तर ती खरेदी या वर्षाच्या खर्चात धरत नाहीत, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षात धरतात. आयकराचं कलम ४३बी मध्ये एच म्हणून नवीन आलंय ते. म्हणजे मार्च उलटला तर सूत विणून विकूनही मला कागदावर नफाच नफा दिसणार, आणि कर भरायला पुन्हा पैसे शोधायचे! त्यामुळे एप्रिलवर जाणार नाही, हा माझ्याच पोटाचा प्रश्न आहे.

व्याजाचं. बिलावर १८ टक्के छापलंय आणि कायद्याने तर त्याहून जास्त लावता येतं, ते मला माहीत आहे. आज आहे त्या रकमेवर दीड टक्क्याने महिन्याला ६,३२८ होतात. मी नाही म्हणत नाही, हप्त्यांनी बाकी कमी होईल तसं जे होईल ते लावा, पण मालकांना एवढं विचारा की चारही हप्ते तारखेला पोचले तर फेब्रुवारीचं व्याज सोडतील का. सोडलं तर उपकार, नाही सोडलं तर २४ मार्चच्या हप्त्याबरोबर देते.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. माल बंद करू नका. आठ मागांतले तीन आत्ताच उभे आहेत, बीम संपतील तसे बाकीचेही थांबतील आणि माग थांबला की मी कुठून देणार? उधारीवर नको, सहा बाचकी आगाऊ पैसे भरून घेते, आणि एकाच लॉटची द्या एवढी हात जोडून विनंती, कारण कळलंच असेल.

मालकांना वाटेल व्यापाऱ्याने पुन्हा टांग मारली तर काय. तर तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या पाटल्या आहेत, बँकेत ठेवून तुमचा आकडा भरेन. हे इंग्रजीत नको. २०११ पासून तुमच्याकडून सूत घेते, ह्यांच्या आजारपणातसुद्धा कधी बुडवलं नाही, यंदा उशीर झाला तो झाला.

मंगळवारपर्यंत हो-नाही कळवा, म्हणजे मजुरांना पुढच्या आठवड्याचं सांगता येईल. वहिनींना नमस्कार.

तुमची,
सुनंदा

---

अण्णाकाका, मी रूपाली. आईचं पत्र जसंच्या तसं इंग्रजीत केलं असतं तर तिकडच्या अकाऊंटवाल्याने पहिल्या पानावरच फोन ठेवला असता, म्हणून खूप कापलंय, आईशी भांडून. आणि तुम्ही म्हणालात मालक फोनवरच ऐकतात, ईमेल नातेवाईक उघडून देतात, तर इंग्रजी मी देवनागरीत लिहिलंय, तुम्ही सावकाश वाचून दाखवा, टाइप केलेली प्रत मी त्यांना वेगळी पाठवते.

दोनतीन गोष्टी सांगायच्या राहतात. आई 'सवड' म्हणते, मी 'एक्स्टेन्शन' लिहिलं. 'डिले' शब्द एकदाच येतो, तोही आपल्या कबुलीत, म्हणजे उशीर का झाला हे त्यांनी विचारायच्या आधी आपणच म्हटलेलं बरं. 'माल बंद करू नका' याचं थेट इंग्रजी फार हुकूम दिल्यासारखं होत होतं, म्हणून ते 'काइंडली कंटिन्यू' केलंय. भिशीला त्यांच्याकडे चिट फंड म्हणतात पण आमची ती बायकांची साधी भिशी, चिट फंड म्हटलं की भलताच विचार करतील, म्हणून नुसतं 'माय ओन सेव्हिंग्ज' लिहिलं. पाटल्या, बाबांचं आजारपण, पाडवा, सगळं गेलं. पोराने कोन मिसळले तेही मी काढलं होतं, आपली चूक आपणच कशाला दाखवायची, पण आईने परत घालायला लावलं, म्हणाली सूत चांगलं होतं हे त्यांना कळायलाच हवं, नाहीतर ते उगाच लॉट तपासत बसतील.

आकडे मी वाचायला सोपे म्हणून अक्षरांत लिहिलेत. लाख म्हटलेलं त्यांना कळतं.

---

टू द प्रोप्रायटर, थ्रू अवर यार्न एजंट, इचलकरंजी.
डेट: एट्थ फेब्रुवारी, ट्वेंटी ट्वेंटी फाइव्ह.
सब्जेक्ट: रिक्वेस्ट फॉर एक्स्टेन्शन ऑफ पेमेंट टाइम अपटू ट्वेंटी फोर्थ मार्च.

डिअर सर,

आय रेफर टू युअर टू इन्व्हॉइसेस ऑफ सिक्स्थ अँड ट्वेंटीएथ डिसेंबर फॉर फॉर्टीज यार्न, टोटल रुपीज फोर लाख नाइन्टी सिक्स थाउजंड एट हंड्रेड सिक्स्टी. आय पेड सेव्हन्टी फाइव्ह थाउजंड ऑन एटीन्थ जानेवारी. द बॅलन्स इज फोर लाख ट्वेंटी वन थाउजंड एट हंड्रेड सिक्स्टी. बोथ ड्यू डेट्स आर ओव्हर, अँड आय अपॉलजाइज फॉर द डिले.

माय बायर रिड्यूस्ड अँड हेल्ड बॅक हिज पेमेंट बिकॉज बार्स अपिअर्ड इन द क्लॉथ आफ्टर डाइंग. द फॉल्ट वॉज अवर्स. टू लॉट्स वेअर मिक्स्ड इन माय शेड. युअर यार्न वॉज गुड.

आय प्रपोज टू पे अॅज फॉलोज. टेन्थ फेब्रुवारी, सिक्स्टी वन थाउजंड एट हंड्रेड सिक्स्टी, फ्रॉम माय ओन सेव्हिंग्ज. ट्वेंटी फोर्थ फेब्रुवारी, वन लाख. टेन्थ मार्च, वन लाख थर्टी थाउजंड. ट्वेंटी फोर्थ मार्च, वन लाख थर्टी थाउजंड. पोस्ट-डेटेड चेक्स फॉर द लास्ट थ्री विल बी विथ युअर एजंट ऑन मंडे.

आय अॅक्सेप्ट इंटरेस्ट अॅज प्रिंटेड ऑन द इन्व्हॉइस. इफ ऑल फोर पेमेंट्स रीच यू ऑन टाइम, आय रिक्वेस्ट यू टू कन्सिडर वेव्हिंग फेब्रुवारी इंटरेस्ट.

काइंडली कंटिन्यू सप्लाय अगेन्स्ट अॅडव्हान्स पेमेंट. आय नीड सिक्स बॅग्ज नाऊ, ऑल फ्रॉम वन लॉट.

आय हॅव बॉट युअर यार्न सिन्स ट्वेंटी इलेव्हन. प्लीज लेट अस हॅव युअर रिप्लाय बाय ट्यूजडे.

युअर्स फेथफुली,
सुनंदा

---

ता. क. अण्णा, रूपालीने इंग्रजी वाचून दाखवलं, मला निम्मंच कळलं. 'युअर यार्न वॉज गुड' एवढं नीट ऐकू येईल असं वाचा. सोमवारी अकराच्या आत चेक घेऊन येते, तुम्ही डेपोवर आहात ना?