ओळखीचे विधान आणि बरोबर विधान: वैष्णवीस पत्र

पुणे,
12 जानेवारी 2026

चि. वैष्णवी हिस अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या सराव चाचणीनंतर तू माझ्यापाशी येऊन "सर, वाचलेलं सगळं आठवतं, तरी विधानांचे प्रश्न चुकतातच" एवढेच म्हणालीस आणि मागे मुलांची रांग असल्यामुळे लगेच बाजूला झालीस. तुझे ते वाक्य मनातून जाईना, म्हणून काल तुझ्या शेवटच्या तिन्ही चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका उत्तरतालिकेशेजारी ठेवून मी पुन्हा तपासल्या. राज्यव्यवस्था आणि कायदा या घटकांवरील विधानात्मक प्रश्नांपैकी 31 तू सोडवलेस आणि त्यांतील 17 चुकले. या 17 पैकी 13 प्रश्नांत एक गोष्ट सारखीच दिसली. तीनपैकी एकाच विधानाशेजारी तुझी पेन्सिलीची बारीक खूण आहे, उरलेल्या दोन विधानांशेजारी काहीही नाही, आणि तू निवडलेल्या पर्यायात ते खुणेचे विधान हमखास आहे. याचा अर्थ, एक ओळखीचे विधान भेटताच तू पर्यायांकडे वळलीस आणि उरलेली विधाने तपासायची राहून गेली. तुझा अभ्यास कमी पडत नाही, हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. तुझ्याच प्रश्नपत्रिकांवरून ते दिसते.

शनिवारचा अनुच्छेद 22 वरचा प्रश्न समोर घे. विधान 'अ' असे होते: अटक केलेल्या किंवा स्थानबद्ध केलेल्या प्रत्येक व्यक्तीला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केलेच पाहिजे. विधान 'ब': प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला आदेशाची कारणे शक्य तितक्या लवकर कळवावी लागतात. विधान 'क': या 24 तासांत अटकेच्या ठिकाणापासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा वेळही मोजला जातो. तू 'अ'वर खूण केलीस आणि 'फक्त अ' हा पर्याय निवडलास. उत्तर 'फक्त ब' आहे.

'अ'मधले '24 तास' आणि 'दंडाधिकारी' हे शब्द तू निदान पन्नास वेळा वाचले असशील, त्यामुळे ते दिसताच मन निश्चिंत झाले. पण विधानाचा कस '24 तास' या शब्दांवर लागत नव्हता, तो 'प्रत्येक' या शब्दावर लागत होता. त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो की हे संरक्षण शत्रुदेशीय व्यक्तीला आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटक किंवा स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला लागू नाही. 'क'मध्येही हाच प्रकार आहे, कारण प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ दुसऱ्या खंडानेच वगळला आहे. प्रश्न काढणारा चुकीचे विधान नव्याने रचत बसत नाही. तो सर्वांना पाठ असलेले वाक्य घेतो, त्यातले ठळक शब्द जसेच्या तसे ठेवतो आणि ज्या कोपऱ्याकडे वाचणाऱ्याची नजर जात नाही तिथला एखादा शब्द बदलतो किंवा वाढवतो. म्हणूनच अशा प्रश्नांत जे विधान सर्वांत ओळखीचे वाटते, तेच सर्वांत सावकाश वाचायला हवे.

दुसऱ्या चाचणीत अनुच्छेद 15(1) वर तुझे असेच झाले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे पाच आधार वाचता वाचता तू सहाव्या शब्दावरून, म्हणजे 'निवास' या शब्दावरून, पुढे निघून गेलीस. सार्वजनिक नोकरीविषयीच्या अनुच्छेद 16(2) मध्ये हे पाच आधार आहेतच, शिवाय 'कूळ' आणि 'निवास' हे दोन जास्त आहेत. तुझ्या वहीत दोन्ही याद्या आहेत, पण दोन वेगळ्या पानांवर. त्या एकाच पानावर समोरासमोर लिहिल्या असत्या तर त्यांतला फरक तुझ्या लक्षात राहिला असता.

भारतीय न्याय संहितेच्या प्रश्नात तुला फसवले ते आकड्याने. 302 म्हणजे खून, हे आपण लहानपणापासून वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. परंतु 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या संहितेत खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये आहे, आणि तिथले कलम 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते, म्हणून जुने आकडे विसरून चालणार नाही; मात्र प्रश्नात कोणत्या कायद्याचे नाव आहे ते वाचल्याशिवाय कलमाच्या आकड्याकडे पाहू नकोस.

आता काय करायचे ते सांगतो. प्रश्न वाचायला घेतलास की पर्यायांवर पट्टी ठेव. प्रत्येक विधान वेगळे वाच आणि शेजारी 'ब', 'चू' किंवा प्रश्नचिन्ह यांपैकी एक खूण कर. एकही विधान खुणेवाचून सोडू नकोस. 'ब' लिहिण्याआधी ही तरतूद कोणाला लागू आहे, कोणी काय करायचे आहे, मुदत किंवा बहुमत किती आहे आणि अपवाद कोणता आहे, एवढे स्वतःला विचार. ज्याचे उत्तर देता येत नाही तिथे 'ओळखीचे वाटते' हे कारण धरू नकोस, सरळ प्रश्नचिन्ह टाक. तिन्ही खुणा झाल्यावरच पट्टी काढ. 'अ' चूक आहे एवढेच खात्रीने ठरले तरी 'अ' असलेले सगळे पर्याय बाद होतात आणि पुष्कळदा तेवढ्यावर उत्तर मिळते. दोन विधानांवर प्रश्नचिन्ह राहिले तर तो प्रश्न सोडून दे. चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात, आणि अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांत तू आजवर कमावल्यापेक्षा जास्त गमावले आहेस.

येथे एक सावधगिरी सांगणे मला भाग आहे. 'फक्त', 'प्रत्येक', 'कोणत्याही परिस्थितीत' असे शब्द दिसले की थांबा, असे मी वर्गात सांगितले होते. त्यानंतरच्या चाचणीत तू असे प्रत्येक विधान चूक ठरवलेस. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत संसदेचे फक्त निवडून आलेले सदस्य मत देतात, हे विधान बरोबर आहे. महाभियोगात मात्र नामनिर्देशित सदस्यही भाग घेतात. आणीबाणीत अनुच्छेद 20 आणि 21 च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क निलंबित करता येत नाही, हेही 44 व्या घटनादुरुस्तीपासून तसेच आहे. तो शब्द दिसला की मूळ तरतूद आठवायची, एवढाच माझ्या सांगण्याचा अर्थ होता, आणि तो मी तेव्हा पुरेसा उलगडून सांगायला हवा होता.

ही सवय तुला लागली ती वाचण्याच्या पद्धतीमुळे, असे माझे मत आहे. तुझ्या नोट्स एकोळी आहेत आणि त्या तू पुन्हा पुन्हा वाचतेस. एका ओळीत तरतुदीचा गाभा मावतो, पण 'परंतु', 'खेरीज', 'अधीन राहून' या शब्दांनी सुरू होणारा भाग गळून जातो, आणि परीक्षेत विचारले जाते ते नेमके तिथले. म्हणून पुढचे काही दिवस नोट्स बाजूला ठेव आणि मराठी संविधानातून अनुच्छेद 14 ते 22 मूळ शब्दांत, खंडांसह वाच. मग त्यांतील दहा वाक्ये घेऊन प्रत्येकात एकच शब्द बदल आणि दहा चुकीची विधाने तयार कर. अशी, की अभ्यासिकेतल्या तुझ्या शेजारच्या मैत्रिणीलाही ती पटकन बरोबर वाटावीत. कोणता शब्द बदललास आणि मूळ शब्द काय होता, ते मागच्या पानावर लिहून ठेव.

येत्या शनिवारी चाचणीच्या अर्धा तास आधी ती वही घेऊन ये. मी मागचे पान न पाहता तुझी विधाने सोडवीन, आणि माझे जिथे चुकेल तिथे मूळ अनुच्छेद तू मला वाचून दाखव.

तुझा हितचिंतक,
देशमुख सर