नगरपरिषद सार्वत्रिक निवडणूक 2025 : आभार टिपणी

निवडणूक निर्णय अधिकारी यांचे कार्यालय
तहसील कार्यालय, निवडणूक कक्ष
दिनांक : 22 डिसेंबर 2025

प्रति,
सर्व मतदान केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी व शिपाई; क्षेत्रीय अधिकारी; मतमोजणी कर्मचारी; बीएलओ, आशा व अंगणवाडी सेविका; राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक; पोलीस अधिकारी, अंमलदार व होमगार्ड

विषय : निवडणूक शांततेत पार पाडल्याबद्दल आभार.

काल, 21 डिसेंबर रोजी, दुपारी शेवटच्या प्रभागाचा निकाल जाहीर झाला आणि आपल्या नगरपरिषदेच्या निवडणुकीचे काम संपले. नगराध्यक्षपद आणि 10 प्रभागांतील 20 जागांसाठी 34 केंद्रांवर मतदान झाले. एकाही केंद्रावर फेरमतदानाची वेळ आली नाही. अहवालात हे एका ओळीत आटोपते. ती ओळ कोणाच्या जिवावर लिहिता आली, ते नोंदवून ठेवण्यासाठी ही टिपणी.

या वेळी काम नेहमीपेक्षा किचकट होते. नगरपरिषदेत प्रत्येक मतदाराला तीन मते द्यायची होती, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातील सदस्यांना. इतक्या वर्षांनी निवडणूक झाल्यामुळे अनेकांना याचा विसर पडला होता. एक बटण दाबून निघालेल्या आजोबांना ‘बाबा, अजून दोन राहिली’ असे सांगायचे, पण मतदान कक्षाकडे पाहायचे नाही आणि कोणत्या बटणाकडे बोट जाते आहे तेही दिसू द्यायचे नाही, ही कसरत मतदान अधिकाऱ्यांनी दिवसभर केली. त्यातच यादीत दुबार नावांपुढे दोन तारे होते. अशा प्रत्येक मतदाराकडून दुसरीकडे मतदान केले नसल्याचे हमीपत्र घ्यायचे होते. ‘माझ्यावरच संशय का?’ हा प्रश्न तुम्ही किती वेळा ऐकला असेल, याचा अंदाज मला आहे. आवाज चढल्याची एकही तक्रार माझ्याकडे आली नाही.

केंद्र क्रमांक 17 वर सकाळी नऊच्या सुमारास कंट्रोल युनिटची बॅटरी उतरली. बाहेर रांग, आत उमेदवारांचे प्रतिनिधी. तेथील केंद्राध्यक्षा एका शाळेत शिक्षिका आहेत आणि केंद्राध्यक्ष म्हणून त्यांची ही पहिलीच निवडणूक. त्यांनी आधी सगळ्या प्रतिनिधींना टेबलाजवळ बोलावले, पडद्यावरचा मतांचा आकडा त्यांना मोठ्याने वाचायला लावला, तो डायरीत लिहून घेतला आणि मगच क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन केला. नवी बॅटरी आल्यावर तोच आकडा पुन्हा वाचून घेतला. सगळे मिळून 14 मिनिटे गेली. त्या डायरीवर पाचही प्रतिनिधींच्या सह्या आहेत. काल मोजणीच्या वेळी याच केंद्रावर कुजबूज सुरू झाली, तेव्हा ते पान पुढे ठेवणे पुरेसे झाले.

केंद्र क्रमांक 22 वर साडेपाच वाजता आवारात 60 च्या वर लोक होते. तेथील केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे रांगेच्या शेपटापासून सहीच्या चिठ्ठ्या वाटत पुढे आणल्या, त्यामुळे मागून कोणी घुसू शकले नाही. सव्वासातला शेवटचे मत पडले. यंत्र स्वीकृती केंद्रावर जमा करायला त्या पथकाला रात्रीचे दहा वाजले, तरी एकही लिफाफा चुकीचा नव्हता. (प्रशिक्षणात लिफाफ्यांच्या तासाला जांभया देणारे बरेच जण मी पाहिले होते. ते निरीक्षण मी मागे घेतो.)

स्वयंसेवकांबद्दल. दोन केंद्रे पायऱ्या असलेल्या जुन्या इमारतींत होती. तिथे महाविद्यालयाच्या मुला-मुलींनी व्हीलचेअर उचलून नेल्या. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनी पाळणाघर सांभाळले, शिवाय यादीत नाव न सापडणाऱ्यांना केंद्र शोधून दिले. त्यांना गल्ली माहीत असते, घर माहीत असते, लग्नानंतर बदललेले आडनावही माहीत असते. आमच्या संगणकाला यातले शेवटचे जमत नाही.

आता पोलिसांविषयी, आणि इथे जरा सविस्तर लिहितो. 2 डिसेंबरला मतदान आणि 3 डिसेंबरला मोजणी असे ठरले होते. मतदान चालू असतानाच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला आणि सगळीकडची मोजणी 21 तारखेला गेली. एका रात्रीसाठी लावलेला बंदोबस्त 19 रात्रींचा झाला. शासकीय गोदामातील स्ट्राँगरूमबाहेर, डिसेंबरच्या थंडीत, पाळ्या लावून पोलीस अंमलदार आणि होमगार्ड उभे राहिले. समोरच्या मंडपात उमेदवारांची माणसेही रात्रंदिवस बसून होती. हरणारा कोण, जिंकणारा कोण हे कुलपाआड असताना अफवेला काडी पुरते. ती पडली नाही.

पहाऱ्याची नोंदवही माझ्यासमोर आहे. प्रत्येक पाळीला ‘सील सुस्थितीत’ आणि खाली सही. एका रात्रीची नोंद अशी : ‘02.40 वीज गेली. 02.41 जनरेटर सुरू. उमेदवार प्रतिनिधींना बोलावून सील दाखविले.’ बोलावण्याची सूचना आदेशात नव्हती. त्या अंमलदाराला ते स्वतःहून सुचले. सकाळी गावात काय बोलले गेले असते आणि काय गेले नाही, ते त्या एका वाक्यामुळे.

कालचा गुलाल. दोन विजयी मिरवणुका एकाच चौकाकडे निघाल्या होत्या. पोलीस निरीक्षकांनी एकीला मारुतीच्या देवळापाशी वीस मिनिटे थांबवून दुसरी पुढे जाऊ दिली. लाठी कोणी उगारली नाही.

आमच्याही चुका झाल्या, त्या लिहिल्याशिवाय आभार अपुरे राहतील. पूर्वेकडच्या सहा केंद्रांवर जेवणाचे डबे अडीच वाजता पोहोचले. 1 डिसेंबरला मुक्कामाला गेलेल्या महिला कर्मचाऱ्यांना दोन शाळांत स्वच्छतागृहात पाणी मिळाले नाही. ही पाहणी आदल्या दिवशी माझ्या कक्षाने करायला हवी होती, ती झाली नाही. त्याबद्दल मी दिलगीर आहे. पुढील निवडणुकीच्या केंद्र तपासणी तक्त्यात पाण्याचा रकाना आजच वाढवला आहे. राखीव पथकांपैकी ज्यांचा भत्ता अद्याप मिळालेला नाही, त्यांची देयके शुक्रवारपर्यंत कोषागारात जातील. तोपर्यंत काही त्रुटी आढळल्यास निवडणूक लिपिकांकडे बँक खात्याचा तपशील द्यावा.

आपणा सर्वांचे, आणि दोन दिवस घर सांभाळून आपल्याला मोकळे ठेवणाऱ्या आपल्या कुटुंबीयांचे, मी या कार्यालयातर्फे मनःपूर्वक आभार मानतो.

संबंधित कार्यालयप्रमुखांना विनंती की, या टिपणीची एक प्रत निवडणूक कर्तव्यावरील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नस्तीत ठेवावी. केंद्र क्रमांक 17 व 22 च्या केंद्राध्यक्षांसाठी आणि स्ट्राँगरूम पहाऱ्यावरील सर्व अंमलदार व होमगार्ड यांच्यासाठी स्वतंत्र प्रशंसापत्राची शिफारस मा. जिल्हाधिकारी व मा. पोलीस अधीक्षक यांच्याकडे आज पाठविली आहे.

(स्वाक्षरीत)
निवडणूक निर्णय अधिकारी तथा तहसीलदार

प्रत माहितीसाठी सविनय सादर :
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी
मा. पोलीस अधीक्षक

प्रत :
मुख्याधिकारी, नगरपरिषद (सूचना फलकावर लावण्यासाठी)
गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती
निवड नस्ती