निरोप समारंभ : दहावीच्या वतीने

आदरणीय सर, बाई आणि मित्रमैत्रिणींनो,

शाळेचा मुख्यमंत्री म्हणून हे माझं शेवटचं भाषण. पाचवीत आमचा दंगा पाहून सर म्हणाले होते, 'नव्याचे नऊ दिवस!' सर, तो सहा वर्षं पुरला.

गॅदरिंगला लेझीम चुकली, तेव्हा आम्ही ढोलवाल्याला दोष दिला. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण बाईंना मग वेगळी शिकवावी लागली नाही.

शिपाईकाका, आमच्यासाठी घंटा दोन मिनिटं उशिरा द्यायचात, हे कुणाला सांगणार नाही. अरेच्चा, सांगितलंच!

नववीकरांनो, शेवटचा बाक डुगडुगतो. पायाखाली वहीचा पुठ्ठा घडी करून ठेवलाय. तो तेवढा काढू नका. येतो आम्ही.