न्यूज पॅकेज स्क्रिप्ट: ‘मागावर पुढं कोण?’

स्थळ: सोलापूर, पूर्व भाग. लांबी सव्वादोन मिनिटं. त्याच्या वर गेलं तर आधी व्हीओ कापायचा, बाईट नाही.

अँकर लीड (स्टुडिओत, पॅकेजच्या लांबीत धरलेला नाही)
भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आजही जेकार्डवर विणली जाते. पण जेकार्ड चालवणाऱ्यांच्या घरातली मुलं कारखान्यात यायला तयार नाहीत. का, ते त्यांच्याकडूनच ऐकूया.

ओपनिंग, ६ सेकंद
नुसता मागाचा आवाज. धोट्याचा क्लोजअप, मग पुठ्ठ्यांची माळ वर सरकताना. इथं संगीत नको. हा खडखडाट ऐकू आला नाही तर पुढचं अर्धं पॅकेज कळणार नाही.

व्हीओ १ (आवाज खाली, पण पूर्ण बंद नाही)
यातला एकेक पुठ्ठा आडव्या धाग्याची एकेक फेर ठरवतो. छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो, आणि चादरीवर नक्षी उमटत जाते. सोलापुरात कापड गिरणी आली १८७७ साली. गिरण्यांचे भोंगे थांबले, यंत्रमाग चालू राहिले.
दृश्यं: पुठ्ठे, बीम, कांड्यांची टोपली. ‘गिरण्यांचे भोंगे’ म्हणताना चिमणीचा शॉट लावायचा मोह होईल. आपल्याकडचा हललेला आहे, नको.

बाईट १: यंत्रमाग कामगार
“पोरगा असताना कांड्या भरायला आलो. जेकार्डवर हात बसायला वर्षं गेली. नक्षी चुकली की मला आधी आवाजावरनं कळतंय, कापड नंतर बघतो. पोराला कधी आत आणला नाही. मुद्दाम.”
मूळ बाईट लांब आहे. ‘वर्षं गेली’नंतर जोड येतो, तिथं त्यांच्या हातांचा कटअवे, तुटलेला धागा गाठ मारून जोडतानाचा. रिपोर्टर मान डोलावतोय तो शॉट कुठंही वापरायचा नाही. ‘मुद्दाम’ म्हणताना चेहराच दिसला पाहिजे, आणि त्यानंतर एक सेकंद गप्प. नाव पडद्यावर नको असं त्यांनी सांगितलंय, म्हणून सगळ्याच बाईटखाली फक्त काम लिहायचं.

पीटीसी, १८ सेकंद (पॅकेजच्या मध्यात, कारखान्याबाहेरच्या गल्लीत)
“आत उभं राहून तुमच्याशी बोलता येत नाही, इतका आवाज आहे. त्या आवाजात हे कामगार रोज पाळी काढतात. मजुरी मिळते ती विणलेल्या मालावर. माल उठला नाही, तर आठवडा रिकामा. आता कारखानदारांचं म्हणणं ऐकूया.”
चालत चालत, गल्लीकडून दाराकडं. शेवटच्या वाक्याला दार उघडतं आणि आवाज आत घेतो. ती कडी फार छान जुळलीय, तिच्यावर डिझॉल्व्ह टाकून घालवू नका. दुसरा टेक घ्यायचा. पहिल्यात उच्चार स्वच्छ आहेत, पण पाठ केलेलं वाटतं.

बाईट २: कारखानदार
“माग विकत मिळतो, चालवणारा मिळत नाही. हे दोन बंद दिसतायत ना, ऑर्डर असूनही बंद आहेत.”
कटअवे: झाकून ठेवलेले दोन माग. ‘हे दोन’ म्हणताना त्यांचा हात फ्रेममध्ये येतो, तिथंच कट.

व्हीओ २
कांड्या भरण्याचं काम बहुतेक बायकांकडं. पूर्व भागातल्या कित्येक घरांत अजून तेलुगूच बोलली जाते.

बाईट ३: कांड्या भरणाऱ्या कामगार (तेलुगूत, खाली मराठी ओळी)
“सून विचारते, अजून किती दिवस? म्हटलं, धागा दिसतोय तोवर.”
यावर डबिंग करायचं नाही. माणसाचा आवाज तोच राहू दे. ओळी दोनच, आणि वाचून होईपर्यंत पडद्यावर राहतील इतक्या छोट्या.

बाईट ४: कामगाराचा मुलगा, पदवीचा विद्यार्थी
“पप्पांना ऐकायला कमी येतं. आमच्या घरात टीव्हीचा आवाज किती असतो, एकदा येऊन बघा. कामाची लाज नाही मला. पण पुढच्या महिन्यात किती मिळणार, हे पप्पांना आजपण सांगता येत नाही.”
पॅकेज इथंच संपतं. वर व्हीओ नाही, रिपोर्टरचा समारोप नाही. साइन-ऑफही काढलाय, आपली नावं शेवटच्या पाटीवर येतील.

एडिटला बसणाऱ्यांसाठी
सिद्धेश्वर मंदिर आणि तळ्याचे शॉट काढलेत. सुंदर आहेत, पण ते पाहून प्रेक्षकाला वाटेल आपण पर्यटनाची फिल्म करतोय. दुकानदाराचा बाईटही गेला. तो बनावट चादरींबद्दल बोलतो, ते वेगळं पॅकेज आहे. बाईट २ मागं माग चालू असताना घेतलाय, त्यामुळं कट बदलला की मागचा आवाज उडी मारतो. वेगळा रेकॉर्ड केलेला कारखान्याचा आवाज ‘अँबियन्स २’ फोल्डरमध्ये आहे, तो खाली सलग पसरा. हेडफोन लावूनच तपासा, लॅबच्या स्पीकरवर हे कळत नाही.