विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त: सन २०२५-२६ चे अंदाजपत्रक

औसा रोड, लातूर येथील आपल्या ४८ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा रविवार, दि. २३ मार्च २०२५ रोजी सकाळी १० वाजता 'अ' इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली. अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष होते. २९ सभासद हजर होते. गणपूर्तीस २० सभासद लागतात, त्यामुळे सभा वेळेवर सुरू झाली. पाच सभासदांनी न येण्याचे लेखी कळवले होते.

सभेपुढे एकच विषय होता: व्यवस्थापक समितीने सुचवलेल्या अंदाजपत्रकास दुरुस्तीसह मंजुरी देणे. मसुद्यात जमा व खर्च दोन्ही बाजू रु. ११,१२,००० दाखवल्या होत्या. खजिनदारांनी मसुदा वाचून दाखवला. त्यावर पुढील दुरुस्त्या झाल्या.

टँकरचे पाणी: रु. १,०८,००० वरून रु. १,४०,०००

सर्वांत जास्त वेळ या बाबीला लागला. मसुद्यात दरमहा १० टँकर, प्रत्येकी रु. ९०० असा सरळ गुणाकार होता. ब-३०४ च्या सभासद ताईंनी विचारले, "पावसाळ्यात टँकर लागत नाही आणि मे महिन्यात दहाने भागत नाही, मग हा आकडा आला कुठून?" त्यावर गेटवरचे रजिस्टर सभेसमोर आणले. २०२३-२४ मध्ये १६८ आणि २०२४-२५ मध्ये आजपर्यंत ११२ टँकर आले आहेत. दोन वर्षांची सरासरी १४०. टँकरवाल्याने ५,००० लिटरच्या टँकरसाठी पुढील वर्षाचा दर रु. १,००० लेखी दिला आहे. त्या आधारे रु. १,४०,००० ठरले.

अ-१०२ च्या ज्येष्ठ सभासदांनी २०० टँकर धरावेत असे सुचवले. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, याची त्यांनी आठवण करून दिली. अध्यक्ष म्हणाले, "काका, तसे वर्ष आले तर २०० चा आकडाही पुरणार नाही. नेहमीच्या वर्षाचा खर्च नोंदीवरूनच धरू आणि अडचणीसाठी वेगळी सोय करू." ती सोय आकस्मिक खर्चात केली आहे.

रजिस्टर चाळताना वॉचमनने काही ओळींपुढे "हातभर कमी" असे लिहिलेले आढळले. टँकर झाकणापर्यंत भरलेला नव्हता, पण पैसे पूर्ण दिले गेले. यापुढे टाकीत पाणी सोडण्यापूर्वी वॉचमन झाकण उघडून पाहील आणि पावतीवर त्याची सही असल्याशिवाय खजिनदार पैसे देणार नाहीत, असे ठरले. कोणी न सांगताही वॉचमनने ही नोंद ठेवली, याबद्दल सभेने त्याचे कौतुक केले.

बोअर पुनर्भरण: नवीन बाब, रु. ४८,०००

दोन्ही गच्च्यांवरचे पावसाचे पाणी आज रस्त्यावर वाहून जाते. ते गाळणीतून बोअरलगतच्या शोषखड्ड्यात सोडायचे आहे. आधार: मागवलेल्या तीन दरपत्रकांतील सर्वांत कमी दर. काम जूनपूर्वी व्हावे. एकमताने मंजूर.

गेट व पार्किंग शेड: रु. १,५०,००० वरून रु. ३८,०००

शेडसाठी महापालिकेची परवानगी घेतलेली नाही आणि दरपत्रकही एकच आहे. परवानगीशिवाय तरतूद करू नये, असे सभेचे मत पडले. गेटचे चाक व रूळ बदलणे मात्र थांबवता येणार नाही. त्याच्या दरपत्रकाची रक्कम तेवढी ठेवली.

स्ट्रक्चरल ऑडिट: नवीन बाब, रु. ६५,०००

इमारत २००८ मध्ये पूर्ण झाली. उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी करायचे असते. मसुद्यात ही बाब नव्हती. १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यात ती सुटता कामा नये, हे ब-२०१ च्या सभासदांचे म्हणणे सर्वांनी मान्य केले. आधार: दोन अभियंत्यांच्या दरपत्रकांतील कमी दर. ही रक्कम दुरुस्ती निधीतून घेण्यास सभेने मंजुरी दिली.

इतर खर्च. दोन वॉचमनचा पगार प्रत्येकी रु. १२,००० वरून रु. १३,००० आणि सफाई कामगाराचा रु. ६,००० वरून रु. ६,५००. वर्षाची तरतूद रु. ३,६०,००० वरून रु. ३,९०,०००. आधार: दोन वर्षांत वाढ झालेली नाही. लिफ्टच्या देखभाल करारावरील १८ टक्के जीएसटी मसुद्यात राहून गेला होता, म्हणून रु. ५६,००० ऐवजी रु. ६६,०८०. सण-उत्सव रु. ४०,००० वरून रु. १५,०००. यातून २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होईल, गणेशोत्सव वर्गणीतून होईल.

बिगरभोगवटा शुल्क (जमा): रु. ५०,४०० वरून रु. २३,५२०

१४ सदनिका भाड्याने दिलेल्या आहेत. त्यांतील बहुतेकांत नीट-जेईईच्या शिकवणीसाठी आलेली मुले राहतात. मुले जास्त, म्हणून पाणी जास्त, असे सांगून मसुद्यात शुल्क दरमहा रु. १४० वरून रु. ३०० सुचवले होते. अ-४०३ च्या सभासदांनी हरकत घेतली. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क रु. १,४०० आहे, म्हणून मर्यादा रु. १४०. पाण्याचा वापर हा या शुल्काचा आधार होऊ शकत नाही. हरकत योग्य असल्याने वाढ रद्द. परगावची मुले आपल्याकडे शिकायला येतात, त्यांच्याकडे ओझे म्हणून पाहू नये, असेही त्यांनी सांगितले. ते सभेच्या इच्छेने येथे नोंदवले आहे.

पाणी आकार (जमा): प्रति सदनिका दरमहा रु. ३५० वरून रु. ४१०

टँकर रु. १,४०,००० व महापालिकेची पाणीपट्टी रु. ९६,००० मिळून पाण्याचा खर्च रु. २,३६,००० होतो. सर्व सदनिकांत नळांची संख्या सारखी असल्याने आकार समान. ४१० रुपये दराने रु. २,३६,१६० जमतील. बाजूने २२, विरोधात ५, तटस्थ २. आधी थकबाकी वसूल करा, मग दर वाढवा, असे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते. थकबाकीदारांना ३० एप्रिलपूर्वी नोटीस देण्याचे सचिवांनी मान्य केले.

आकस्मिक खर्च: रु. २४,००० वरून रु. ४८,०००

वाढीव रु. २४,००० फक्त जादा टँकरसाठी. समितीच्या लेखी ठरावाशिवाय ही रक्कम काढता येणार नाही.

सुधारित एकूण रकमा

| खर्च | मसुदा (रु.) | मंजूर (रु.) |
|---|---|---|
| वॉचमन व सफाई | ३,६०,००० | ३,९०,००० |
| सामाईक वीजबिल | २,०४,००० | २,०४,००० |
| टँकर | १,०८,००० | १,४०,००० |
| पाणीपट्टी | ९६,००० | ९६,००० |
| लिफ्ट | ५६,००० | ६६,०८० |
| पंप व नळ दुरुस्ती | ४०,००० | ४०,००० |
| गेट व शेड | १,५०,००० | ३८,००० |
| बोअर पुनर्भरण | ० | ४८,००० |
| स्ट्रक्चरल ऑडिट | ० | ६५,००० |
| कार्यालय व लेखापरीक्षण | ३४,००० | ३४,००० |
| सण-उत्सव | ४०,००० | १५,००० |
| आकस्मिक | २४,००० | ४८,००० |
| एकूण | ११,१२,००० | ११,८४,०८० |

| जमा | मसुदा (रु.) | मंजूर (रु.) |
|---|---|---|
| सेवाशुल्क व पाणी आकार | १०,०८,००० | १०,४२,५६० |
| बिगरभोगवटा शुल्क | ५०,४०० | २३,५२० |
| बँक व्याज | ३६,६०० | ३६,६०० |
| थकबाकी वसुली | १७,००० | १७,००० |
| दुरुस्ती निधीतून | ० | ६५,००० |
| एकूण | ११,१२,००० | ११,८४,६८० |

अंदाजित शिल्लक रु. ६००.

ठराव: वरील दुरुस्त्यांसह सन २०२५-२६ चे अंदाजपत्रक मंजूर करण्यात येत आहे. दरमहा देयक प्रति सदनिका रु. १,८१० राहील व ते १ एप्रिल २०२५ पासून लागू होईल. सूचक: सदनिका ब-३०४. अनुमोदक: सदनिका अ-४०३. ठराव बहुमताने मंजूर. पाणी आकाराबाबत पाच सभासदांचा विरोध कायम असल्याची नोंद घेतली.

दुपारी १२.४० वाजता सभा संपली. इतिवृत्ताची प्रत दोन्ही इमारतींच्या सूचना फलकांवर लावली आहे.

सचिव
अध्यक्ष