विषय : सदोष मोटर ड्रायव्हर बदलून देण्याबाबत

प्रति,
विक्री व्यवस्थापक

महोदय,

3 जूनला आपल्याकडून आलेल्या 40 स्टेपर मोटर ड्रायव्हरपैकी 11 नग सदोष निघाले आहेत. सगळे एकाच बॅचचे आहेत.

आधी आम्हाला आमच्याच वायरिंगची शंका आली. म्हणून तीच मोटर, तीच केबल आणि 24 व्होल्टचा तोच पुरवठा ठेवून फक्त ड्रायव्हर बदलत गेलो. 29 नग व्यवस्थित चालले. उरलेल्यांपैकी 7 नगांच्या बी फेजमधून करंटच येत नाही. पुरवठा आणि मोटर न जोडता मोजले, तर त्या फेजचे आउटपुट आणि ग्राउंड यांच्यात 0.3 ओहम मिळतात, म्हणजे आतले मॉसफेट शॉर्ट आहे. हे नग मोटरला पहिल्यांदा जोडण्याआधीच मोजले होते, तेव्हा आमच्या वापरात ते जळाले असे म्हणता येणार नाही. बाकीचे 4 नग 1.5 अँपिअरवरच आठ-दहा मिनिटांत तापून बंद पडतात. आपल्या माहितीपत्रकात 3 अँपिअर सलग चालतील असे लिहिले आहे. चांगल्या नगाचे आवरण त्याच लोडवर 52 अंशांवर स्थिरावते, यांचे 94 वर जाते.

सीरियल क्रमांकनिहाय मोजमापे, ऑसिलोस्कोपचे फोटो सोबत आहेत.

दुरुस्ती नको, 11 नवे नग हवेत, शक्यतो दुसऱ्या बॅचचे. ते 24 जूनपर्यंत आमच्याकडे पोहोचावेत. 27 जूनला मशीन ग्राहकाकडे रवाना होणार आहे. जमणार नसेल तर 18 जूनच्या आत कळवा, म्हणजे 11 नगांची रक्कम परत घेऊन आम्ही दुसरीकडून खरेदी करू. सदोष नग बांधून ठेवले आहेत. वाहतूक खर्च आपला राहील.

आपला,
खरेदी विभाग प्रमुख