मराठी भाषांतरकार, गोवा: प्रोफाइलची हेडलाइन आणि ‘माझ्याविषयी’

हेडलाइन

मराठी भाषांतरकार आणि भाषा समीक्षक | इंग्रजी–मराठी, कोंकणी–मराठी, हिंदी–मराठी | कायदा, आरोग्य, ॲप लोकलायझेशन, उपशीर्षकं | प्रूफरीडिंग, एलक्यूए | पणजी, रिमोट

माझ्याविषयी

मी इंग्रजी, कोंकणी आणि हिंदीतून मराठीत भाषांतर करते. गेली ११ वर्षं हेच काम करते आहे: जमिनीचे आणि कोर्टाचे दस्तऐवज, रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, मोबाइल ॲपचा मजकूर, माहितीपटांची उपशीर्षकं. सध्या पूर्णवेळ नोकरी शोधते आहे. मराठी लोकलायझेशन स्पेशालिस्ट, भाषा समीक्षक किंवा लँग्वेज लीड यांपैकी कोणतीही जबाबदारी घ्यायला तयार आहे. काम गोव्यात असेल किंवा रिमोट, दोन्ही चालेल.

मी डिचोलीची. आमच्या घरात बोलणं कोंकणी, शाळेत पाटी मराठी, देवळात भजन मराठी आणि सकाळी ओसरीवर येणारं वर्तमानपत्रही मराठी. त्यामुळे एक भाषा दुसरीची बोली आहे असं मला कधी वाटलं नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. गोव्यातल्या वाचकासाठी लिहिताना या दोन भाषांमधली सीमा नेमकी माहीत असावी लागते. साधं उदाहरण देते. कोंकणीत ‘जोर’ म्हणजे ताप. तो शब्द मराठी पत्रकात तसाच उतरला तर ‘जोर आल्यास डॉक्टरांना कळवा’ असं वाक्य तयार होतं आणि सोलापूरच्या वाचकाला त्याचा काहीच अर्थ लागत नाही. उलट फक्त गोव्यात वाटायच्या पत्रकात मी ‘ताप’ लिहून पहिल्या ठिकाणी ‘जोर’ही देते, कारण पेडण्याच्या म्हाताऱ्या माणसाला तोच शब्द आधी कळतो.

कायदा आणि जमीन या विषयांत माझा सर्वांत जास्त वेळ गेला आहे आणि याच कामाची मला सर्वांत जास्त ओढ आहे. महाराष्ट्रात जिथे सातबारा म्हणतात तिथे गोव्यात फॉर्म एक-चौदा असतो. मुंडकार म्हणजे भाडेकरू नव्हे आणि कूळही नव्हे. दुसऱ्याच्या जमिनीत, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने घर करून राहणारा तो माणूस. त्याच्या हक्कांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. भाषांतरात त्याला ‘भाडेकरू’ केलं तर कागदावर त्याचा हक्कच बदलतो. कोमुनिदाद म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. कोर्टातली ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे मालाची मोजदाद नव्हे, मयताच्या मालमत्तेची वारसांमधली वाटणी होते ती कारवाई. गोव्याबाहेरून तपासायला आलेल्या भाषांतरांत मी या चारही चुका पाहिल्या आहेत. पोर्तुगीज काळातून आलेल्या अशा शब्दांचा सुमारे ९०० नोंदींचा शब्दसंग्रह मी स्वतः तयार केला आहे, प्रत्येक नोंदीला वापराचं वाक्य जोडून. कायद्याचं कोणतंही भाषांतर सोपवण्याआधी त्यातल्या संज्ञा वकिलाला दाखवून घेते.

आरोग्याच्या मजकुरात माझा नियम एकच आहे: वाचणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि तो काय समजला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. एका औषधाच्या पत्रकात मी ‘उपाशीपोटी घ्यावे’ असं लिहिलं होतं. शब्दकोशाप्रमाणे ते बरोबरच आहे. साखळीजवळच्या एका आजींना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे एकादशीकच घेवपाचें?” त्याच दिवशी वाक्य बदललं: ‘सकाळी काहीही खाण्याआधी घ्या.’ तेव्हापासून संमतीपत्र असो की औषधाचं पत्रक, दोन-तीन वाचकांनी ऐकल्याशिवाय मी ते काम पूर्ण झालं असं कळवत नाही. वेळापत्रकात त्यासाठी एक दिवस आधीच मागून घेते.

ॲप आणि वेबसाइटच्या कामात भाषेइतकंच लक्ष लिपीकडे द्यावं लागतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतं: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र देखील दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधयंत्राला दिसू शकतो, आणि मग ग्राहकाला ॲपमध्ये वस्तू असूनही सापडत नाही. मी प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला एकच रूप ठरवून घेते आणि शेवटी संपूर्ण फाइल त्या रूपात तपासते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं आणि बिघडलेली जोडाक्षरं दुरुस्त करणं हेही नियमित करते. बटणावरचा मजकूर जागेत बसवताना अर्थ कापत नाही. जागा कमीच पडत असेल तर डिझाइन करणाऱ्यांशी बोलते.

रोजच्या वापरातली साधनं: Trados Studio, memoQ, OmegaT, Subtitle Edit. फाइलचे प्रकार: XLIFF, TMX, SRT, DOCX. भाषेचे कोड: mr-IN, kok-IN. साधा मजकूर दिवसाला २,००० ते २,५०० शब्द, कायद्याचा १,२०० ते १,५००. यापेक्षा वेगाने हवं असेल तर काम घेण्याआधीच स्पष्ट सांगते.

कोंकणी मी देवनागरीत लिहिते आणि रोमी लिपीतली वाचते. रोमी लिपीत लिहून द्यायचं काम मात्र घेत नाही. ते ज्यांच्या हातात लहानपणापासून बसलं आहे त्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं, आणि अशा दोन सहकाऱ्यांची ओळख करून देऊ शकते.

अनुभव

*स्वतंत्र भाषांतरकार आणि भाषा समीक्षक, पणजी, २०१९ पासून*
वकील, रुग्णालयं, माहितीपट करणारे आणि ॲप कंपन्या यांच्यासाठी भाषांतर, संपादन, प्रूफरीडिंग. मोठ्या कामात तीन भाषांतरकारांच्या गटाचं समन्वयन, शैलीपत्रक तयार करणं आणि शेवटची भाषिक गुणवत्ता तपासणी.

*मराठी भाषांतरकार, पुण्यातली लोकलायझेशन संस्था, रिमोट, २०१६ ते २०१९*
बँकिंग, ई-कॉमर्स आणि मोबाइल फोनच्या मेनूचा मजकूर. इथेच ट्रान्सलेशन मेमरी शिस्तीने राखायला शिकले. एकाच शब्दाला पाच जणांनी पाच पर्याय दिले की वापरणाऱ्याचा गोंधळ होतो, हे रोज पाहिलं.

*उपसंपादक, मराठी दैनिक, पणजी, २०१४ ते २०१६*
इंग्रजी बातम्यांचं मराठीकरण, मथळे, मुद्रितशोधन. रात्री साडेअकराच्या आत पान सोडायची सवय इथली.

शिक्षण

एम. ए., मराठी, गोवा विद्यापीठ, ताळगाव.

कौशल्यं

मराठी भाषांतरकार, मराठी अनुवादक, मराठी ट्रान्सलेटर, कोंकणी–मराठी भाषांतर, इंग्रजी–मराठी अनुवाद, लोकलायझेशन, एलक्यूए, भाषिक गुणवत्ता तपासणी, कायदेविषयक भाषांतर, वैद्यकीय भाषांतर, उपशीर्षकं, सबटायटलिंग, ट्रान्सक्रिएशन, मुद्रितशोधन, प्रूफरीडर, कॉपी एडिटर, परिभाषा व्यवस्थापन, शैलीपत्रक, युनिकोड मराठी, यूएक्स रायटिंग मराठी.

मुलाखतीआधी नमुना हवा असेल तर इथेच संदेश पाठवा. ३०० शब्दांची चाचणी विनामूल्य करून देते आणि त्यात घेतलेल्या प्रत्येक निर्णयामागचं कारणही लिहून देते. महिनाभराच्या सूचनेवर रुजू होऊ शकते.